मन्सा मुसाची श्रीमंती मोजण्याआधी मिठाचा हिशेब करू या

मालीचा राजा मन्सा मुसा हा जगाच्या इतिहासातला सर्वांत श्रीमंत माणूस होता, असं सांगणारे व्हिडिओ आणि पोस्ट आता मराठीतही फिरतात. सोबत त्याच्या संपत्तीचा डॉलरमधला आकडा असतो आणि आजच्या अब्जाधीशांशी तुलना असते. या आकड्याला कसलाही आधार नाही. मुसाच्या खजिन्याची मोजदाद आपल्यापर्यंत पोहोचलेली नाही, आणि चौदाव्या शतकातल्या सोन्याला आजचा डॉलरचा भाव लावून काहीच सिद्ध होत नाही.

माझी तक्रार मात्र आकड्यापुरती नाही. या गोष्टीतून एक चुकीची समजूत पक्की होते. जमिनीखाली सोनं होतं, राजा त्यावर बसलेला होता, म्हणून तो श्रीमंत झाला, अशी ती समजूत. त्यात आफ्रिकेच्या वाट्याला फक्त नशीब येतं. अक्कल, शिस्त आणि कारभार यांचं श्रेय दुसऱ्या कुणाला तरी जातं. मला वाटतं, हे उलट आहे. घाना आणि माली या राज्यांची खरी कमाई खाणीत नव्हती. ती होती वाळवंट संपून गवताळ प्रदेश सुरू होतो तिथल्या बाजारात, तिथल्या जकातीत आणि परक्या व्यापाऱ्याला दिलेल्या संरक्षणात. हे समजून घ्यायचं असेल तर सोन्याऐवजी मिठाच्या मागे जावं लागतं.

आजच्या मोरोक्कोच्या दक्षिण भागात, सहाराच्या काठावर सिजिलमासा नावाचं शहर होतं. आठव्या शतकात वसलेलं हे शहर वाळवंटी व्यापाराचं उत्तरेकडचं दार होतं. 1352 च्या फेब्रुवारीत इब्न बतूता इथून काफिल्याबरोबर निघाला. भारतात, मालदीवमध्ये आणि अनेक देशांत फिरून आलेला हा प्रवासी, त्यामुळे त्याची नजर भाव आणि चलन टिपण्यात तयार झालेली होती. पंचवीस दिवसांनी तो तघाझाला पोहोचला. आजच्या मालीच्या उत्तर टोकाला असलेल्या या ठिकाणी जमिनीखाली मिठाचे थर होते. घरं आणि मशीद मिठाच्या लाद्यांची, छपरं उंटाच्या कातड्याची. झाड एकही नाही. पाणी मचूळ. इथे राहणारे होते ते मस्सूफा टोळीचे गुलाम, आणि त्यांचं काम एकच, मिठाच्या जाड लाद्या खणून काढायच्या. त्यांचं सगळं खाणं बाहेरून यायचं. उत्तरेकडून खजूर, दक्षिणेकडून बाजरीसारखं धान्य, आणि उंटाचं मांस. काफिला आला नाही तर उपासमार, असं ते गाव होतं.

एका उंटावर अशा दोन लाद्या लादल्या जात. आता भाव बघा. वाळवंट ओलांडून दक्षिणेच्या काठावरच्या वालाता गावी पोहोचलं की उंटाच्या ओझ्याला आठ ते दहा मिस्काल सोनं मिळे. तेच ओझं मालीच्या राजधानीत वीस ते तीस मिस्कालांना जाई, कधी कधी चाळीसलाही. मिस्काल म्हणजे सुमारे सव्वाचार ग्रॅम. उंटाचं ओझं साधारण सव्वाशे-दीडशे किलोचं धरलं, तर तीस मिस्काल या भावाने राजधानीत एक ग्रॅम सोन्याला जवळपास एक किलो मीठ पडत होतं. मीठ महाग होतं, यात शंका नाही. पण ‘मिठाच्या वजनाइतकं सोनं’ हे जे वाक्य पुस्तकापुस्तकांतून चालत आलं आहे, ते या हिशेबासमोर टिकत नाही. दहाव्या शतकातला भूगोलकार इब्न हौकल आतल्या प्रदेशात एका ओझ्याला दोनशे ते तीनशे दिनार मिळत असल्याचं लिहितो. दिनारही साधारण मिस्कालाच्याच वजनाचा. तो सर्वांत चढा भाव खरा मानला, तरी शंभर किलो मिठाला एक किलोच्या आसपास सोनं एवढंच प्रमाण निघतं.

मला या हिशेबातला सर्वांत महत्त्वाचा आकडा वाटतो तो वालाता आणि राजधानी यांच्यामधल्या फरकाचा. सगळा भयंकर प्रवास वालातापर्यंत संपलेला असे. तिथून राजधानी झपाट्याने चालणाऱ्याला चोवीस दिवसांवर होती, आणि वाटेवर गावं, पाणी, सावली देणारी मोठाली झाडं होती. तरीही याच टप्प्यात भाव दुपटी-तिपटीने वाढे. कारण इथे वाहन बदलायचं. ओलसर हवेत आणि त्सेत्से माशीच्या प्रदेशात उंट रोगाने मरतात. म्हणून मीठ गाढवांवर चढे, नायजर नदीवर होड्यांत भरलं जाई, पुढे माणसांच्या डोक्यावरून जाई. लाद्या फोडून लहान होत, आणि ते तुकडे बाजारात पैशासारखे चालत. या प्रत्येक हाताला मोबदला मिळत होता, आणि हा सगळा टप्पा राजाच्या हद्दीत होता.

वाळवंटाचा टप्पा राजाच्या हातात नव्हता. तो मस्सूफांसारख्या बर्बर टोळ्यांच्या ज्ञानावर चालत होता. तघाझानंतर दहा दिवसांचं बिनपाण्याचं वाळवंट लागे. त्याच्या पुढे काफिला एका मस्सूफा माणसाला एकट्यालाच वालाताकडे धाडी. त्याच्याजवळ काफिल्यातल्या व्यापाऱ्यांची तिथल्या ओळखीच्या लोकांना लिहिलेली पत्रं असत. घरं भाड्याने ठेवा आणि पाणी घेऊन चार दिवसांच्या अंतरावर आम्हाला सामोरे या, असा त्यांत निरोप असे. हा निरोप्या वाटेत मेला तर वालाताला काफिल्याची खबरच लागत नसे, आणि मग बहुतेक माणसं किंवा सगळीच तहानेने मरत. इब्न बतूताच्या काफिल्याने या कामासाठी शंभर मिस्काल मोजले. वालाताच्या भावाने ही दहा ते बारा उंटांच्या मिठाची किंमत झाली. त्यांच्या वाटाड्याचा एक डोळा गेलेला होता आणि दुसरा आजारी होता, तरी रस्ता त्याच्याइतका कुणाला ठाऊक नव्हता, असं इब्न बतूता लिहितो. काफिल्यातला एक जण भांडण झाल्यावर मुद्दाम मागे रेंगाळला, तो पुन्हा दिसला नाही.

आता राजाकडे वळू. मालीच्या आधी या भागात सोनिंके लोकांचं घाना राज्य होतं. आजच्या घाना देशाशी त्याच्या जागेचा संबंध नाही, ते आजच्या मॉरिटानिया आणि मालीच्या सीमाभागात होतं. स्पेनमधल्या कॉर्डोव्हाच्या अल-बक्री या भूगोलकाराने 1068 मध्ये व्यापाऱ्यांकडून आणि आधीच्या लेखनातून माहिती गोळा करून या राज्याचं वर्णन लिहिलं. राजाची जकात तो अशी सांगतो. गाढवाचं मिठाचं एक ओझं राज्यात आलं की एक दिनार, आणि तेच ओझं राज्याबाहेर गेलं की दोन दिनार. तांब्याच्या ओझ्याला पाच मिस्काल, इतर मालाच्या ओझ्याला दहा.

ही जकात नीट वाचली तर तिच्यामागची अक्कल दिसते. सोन्याची पूड पिसाच्या नळीत भरून कमरेला लपवता येते. मिठाची लादी लपवता येत नाही. ती अवजड आहे, पांढरी आहे, तिला जनावर लागतं आणि जनावराला पाण्याची वाट सोडता येत नाही. म्हणजे सोन्याच्या व्यापारावर कर बसवायचा, तर तो सोन्याच्या बदल्यात येणाऱ्या मालावर बसवणं सर्वांत सोपं. कर ओझ्यामागे ठरलेला असल्यामुळे माल तोलायला नको, भावावरून वाद नको, आणि व्यापाऱ्याला निघण्यापूर्वीच माहीत असे की नाक्यावर किती द्यावं लागेल. बाहेर जाणाऱ्या मिठावर दुप्पट कर का, याचं कारण अल-बक्री देत नाही. मला ते भावातच दिसतं. दक्षिणेकडे भाव चढत जात होता, तेव्हा तिकडे निघालेल्या व्यापाऱ्याला दोन दिनार परवडत होते. राज्यातच मीठ खाणाऱ्यावर मात्र हलका भार पडत होता.

सोन्याबद्दल अल-बक्री एक वेगळा नियम सांगतो. खाणीत सापडलेला प्रत्येक गोळा राजाचा, पूड मात्र लोकांनी ठेवावी. असं केलं नाही तर सोनं इतकं वाढेल की त्याला किंमतच राहणार नाही. राजाच्या दरबारात बाजारातल्या पुरवठ्याचा विचार होत होता, असा याचा अर्थ मी घेतो. पण हा नियम खाणींपर्यंत कितपत पोहोचत असेल? सोन्याचे मोठे प्रदेश होते सेनेगल आणि फालेमे नद्यांमधलं बांबुक, नायजरच्या वरच्या खोऱ्यातलं बुरे, आणि पुढे आणखी दक्षिणेला अकान लोकांचा जंगलपट्टा. पावसाळा ओसरला, शेतीची कामं आटोपली की गावकरी अरुंद खड्डे खणत आणि बायका माती धुऊन सोन्याचे कण वेगळे करत. विखुरलेलं, हंगामी, गावांच्या हातातलं काम होतं ते. एका जागी पहारा बसवून ताब्यात घेता येईल, अशी खाण तिथे नव्हतीच.

मालीच्या राजांनी हे अनुभवाने ओळखलं होतं. मुसा हजयात्रेच्या वाटेवर कैरोला गेला होता. तो तिथून परतल्यावर दहा-बारा वर्षांनी अल-उमरी या इजिप्तमधल्या अधिकाऱ्याने त्याच्याविषयी ऐकलेलं सगळं नोंदवून ठेवलं. त्यात असं येतं की सोन्याच्या प्रदेशातलं एखादं गाव जिंकून तिथे इस्लाम लादला की तिथलं सोनं आटत जाई आणि शेजारच्या, न जिंकलेल्या गावांत वाढे. म्हणून राजांनी त्या लोकांना त्यांच्या धर्मासह मोकळं सोडलं आणि खंडणीवर समाधान मानलं. सोनं खरेदी करून आणायचं काम वांगारा म्हणून ओळखले जाणारे मुसलमान व्यापारी करत. ते गावोगाव फिरत आणि परधर्मी लोकांत मिसळून राहत.

मग राजा विकत काय होता? सुरक्षितता. मालीतल्या ज्या गोष्टी इब्न बतूताला आवडल्या, त्यांत दोन या व्यापाराच्या मुळाशी आहेत. एक, प्रवाशाला वा रहिवाशाला चोराचं भय नाही. दुसरी मला अधिक मोलाची वाटते. उत्तरेकडचा एखादा परका व्यापारी मालीत मेला, तर त्याची संपत्ती कितीही असली तरी राज्य तिला हात लावत नसे. ती एखाद्या विश्वासू माणसाकडे ठेवली जाई आणि खरा वारस आला की त्याला मिळे. उत्तरेत बसलेल्या सावकाराच्या दृष्टीने बघा. त्याचा माणूस दोन महिन्यांच्या वाटेवर आहे, तापाने कधी मरेल सांगता येत नाही. तरीही आपला पैसा बुडणार नाही असा भरवसा असेल, तरच तो उधारीवर माल पाठवेल.

आणि उधारी प्रचंड होती. सिजिलमासातल्या एका माणसाचं वाळवंटापलीकडच्या औदाघोस्तच्या व्यापाऱ्याकडे असलेलं येणं एका कागदावर लिहिलेलं होतं, असं इब्न हौकल सांगतो. रक्कम होती 42,000 दिनार, म्हणजे पावणेदोनशे किलोंच्या आसपास सोनं. हा कागद आपल्या हुंडीच्या जातीचा. तेराव्या शतकातलं मक्करी घराणं हे याहून स्पष्ट उदाहरण. पाच भाऊ, दोघे आजच्या अल्जीरियातल्या त्लेमसेनला, एक सिजिलमासाला, दोघे वालाताला. त्लेमसेनचे भाऊ मागणीप्रमाणे माल पाठवत. वालाताचे भाऊ कातडी, हस्तिदंत, कोला फळं आणि सोनं परत पाठवत. मधला भाऊ तराजूच्या काट्यासारखा, कुठे भाव चढला, कुठे उतरला ते दोन्ही बाजूंना कळवे. या घराण्याने वाटेवर विहिरी खोदल्या आणि व्यापाऱ्यांच्या रक्षणाची व्यवस्था लावली. पुढे वालाता दक्षिणेतल्या राजाच्या हाती गेलं, तेव्हा त्यांनी त्या राजाशी संधान बांधलं आणि त्यानेही त्यांना सन्मानाने वागवून व्यापाराला वाट मोकळी ठेवली. सोन्याची श्रीमंती अशा घराण्यांच्या पत्रव्यवहारावर आणि अशा राजांच्या समजुतीवर उभी होती.

हे सोनं किती दूर गेलं? सिजिलमासाच्या टांकसाळीतून मोरोक्को आणि दक्षिण स्पेनवर राज्य करणाऱ्या अल्मोराव्हिद घराण्याचे शुद्ध सोन्याचे दिनार निघाले, आणि त्यांचा मान असा होता की 1170 च्या दशकात स्पेनमधल्या कास्तीलच्या ख्रिस्ती राजाने, आठव्या आल्फोन्सोने, त्याच घाटाची नाणी अरबी अक्षरांत पाडली. 1252 मध्ये जिनोव्हा आणि फ्लॉरेन्सने आपली सोन्याची नाणी सुरू केली, त्यांनाही उत्तर आफ्रिकेच्या बंदरांतून येणारं हे सोनं लागत होतं.

उलट दिशेने येणाऱ्या मालात एक वस्तू आपल्या ओळखीची आहे. कवडी. इब्न बतूता मालदीवमध्ये काझी होता तेव्हा तिथे एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या मिळत, कधी भाव पडून बारा लाखही. तीच कवडी नायजरकाठच्या गाओमध्ये त्याला दिनाराला 1,150 या दराने चालताना दिसली. म्हणजे कमीत कमी धरला तरी जवळपास साडेतीनशे पट फरक. हिंदी महासागरातल्या या कवड्या येमेनी जहाजांतून लाल समुद्राकडे, तिथून इजिप्तमार्गे वाळवंट ओलांडून गेल्या, आणि पश्चिम आफ्रिकेत सुट्ट्या पैशाचं काम करू लागल्या. मॉरिटानियाच्या वाळवंटात मादेन इजाफेन इथे 1964 मध्ये थिओडोर मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाला एका काफिल्याने वाळूत पुरून ठेवलेला माल सापडला. सुमारे दोन हजार पितळी कांबी आणि सोबत कवड्या. बाराव्या शतकाच्या सुमाराला कुणीतरी ते ओझं तिथे पुरलं आणि परत न्यायला कुणी आलं नाही. मालदीवचा समुद्र आणि नायजरचा काठ एकाच बाजारात होते, याचा हा हाती धरता येणारा पुरावा आहे.

यावर कुणी म्हणेल, पण मुसाने 1324 मध्ये कैरोत सोनं उधळून बाजार बुडवला, तो काय खोटा? अल-उमरीचा आकडाच बघू. मुसा येण्यापूर्वी मिस्कालाचा भाव पंचवीस चांदीच्या दिरहमांखाली जात नव्हता, नंतर तो बावीसच्या खाली आला आणि बारा वर्षं तसाच राहिला. म्हणजे बारा टक्क्यांच्या आसपास घसरण. एका माणसाच्या भेटीने असं व्हावं, हे थक्क करणारं आहेच. कैरोची अर्थव्यवस्था कोसळली हे मात्र त्यातून निघत नाही. शिवाय परतीच्या वाटेवर मुसाकडचे पैसे संपले आणि त्याने इजिप्तच्या व्यापाऱ्यांकडून कर्ज काढलं. अलेक्झांड्रियाच्या सिराजुद्दीन इब्न अल-कुवैक या सावकाराने वसुलीसाठी आधी माणूस धाडला, तो मालीतच राहिला. मग म्हातारा सावकार मुलाला घेऊन स्वतः निघाला आणि टिंबक्टूत वारला. मुलगा पुढे गेला, त्याला पैसे मिळाले आणि तो इजिप्तला परतला. इब्न बतूताने टिंबक्टूत त्या सावकाराची कबर पाहिली. कुठलाही काल्पनिक डॉलरचा आकडा मालीविषयी जे सांगू शकत नाही ते या घटनेतून कळतं. जगातला सर्वांत श्रीमंत म्हणवला जाणारा राजा हजारो मैलांवरून आलेल्या सावकाराच्या मुलाची बाकी चुकती करतो, कारण त्याच्या राज्याची कमाई याच शब्दावर अवलंबून आहे.

या व्यवस्थेचं कौतुक करताना तिच्या तळाशी असलेली माणसं मला झाकायची नाहीत. तघाझाचे खाणकामगार गुलाम होते. 1353 मध्ये इब्न बतूता सहारातल्या ताकेद्दा या गावाहून उत्तरेला परतला, त्या काफिल्यात विक्रीसाठी निघालेल्या सहाशे गुलाम स्त्रिया होत्या. मेलेल्या व्यापाऱ्याच्या मालाला मिळणारं संरक्षण त्यांना नव्हतं, उलट त्या स्वतःच त्या मालात मोजल्या जात होत्या. आफ्रिकेचा गौरव सांगणाऱ्या लेखनात ही बाजू अनेकदा गाळली जाते. गाळली की तो गौरव अर्धवट राहतो, कारण मिठाच्या भावात या माणसांची न दिलेली मजुरी आहे.

राजांची कमाई कशातून होती, याची परीक्षा सोळाव्या शतकाच्या अखेरीस झाली. तोवर माली मागे पडून सोंघाय राज्य पुढे आलं होतं. मोरोक्कोचा सुलतान अहमद अल-मन्सूर याची नजर आधी तघाझाच्या मिठावर होती. त्याने तिथल्या ओझ्यांवर कर मागितला, फौजही धाडली. तघाझा ओस पडत गेलं आणि मीठ आणखी दक्षिणेच्या तौदेन्नीतून निघू लागलं. मग 1591 मध्ये जुदर पाशाच्या हाताखाली काही हजारांचं बंदूकधारी सैन्य वाळवंट ओलांडून आलं. मार्चमध्ये गाओजवळ तोंडिबीला त्यांनी सोंघायच्या कितीतरी मोठ्या फौजेचा धुव्वा उडवला. गाओ आणि टिंबक्टू हाती आले. सुलतानाला अल-धहाबी, म्हणजे सोनेरी, असं नाव पडलं, आणि काही वर्षं लुटीचं सोनं मोरोक्कोला पोहोचलंही.

पण टिंबक्टूत खाण नव्हती. सोनं अजूनही दूरच्या गावांत, हंगामी खड्ड्यांत होतं, आणि ते इथवर येत होतं ते वांगारा व्यापाऱ्यांच्या मर्जीने. मोरोक्कोने नेमलेल्या पाशांनी टिंबक्टूचे विद्वान आणि मातब्बर घराणी बेड्या घालून मोरोक्कोला नेली, व्यापाऱ्यांकडून पैसा पिळला. याच घराण्यांच्या शब्दावर उधारी आणि न्यायनिवाडे चालत होते. दरम्यान, पोर्तुगीजांनी 1482 मध्येच आजच्या घाना देशाच्या समुद्रकिनाऱ्यावर एल्मिनाचा किल्ला बांधला होता, आणि अकान प्रदेशातल्या सोन्याला दक्षिणेकडची दुसरी वाट मिळाली होती. अल-मन्सूर 1603 मध्ये मेला, त्याच्या मुलांत यादवी माजली, आणि काही वर्षांतच मोरोक्कोने टिंबक्टूकडे लक्ष देणं जवळजवळ सोडून दिलं. तिथले पाशा आपापसांत भांडत स्वतःच्या नावाने राज्य करू लागले.